शर्मिष्ठेला नेमकं काय हवं होतं? (महाभारतातली आणि खांडेकरांच्या 'ययाति'मधली)

मराठी, संस्कृत किंवा तौलनिक साहित्यात पीएच.डी. करायला निघालेल्या दहा जणांच्या सिनॉप्सिस वाचल्या, तर त्यातल्या तीन-चार तरी 'पौराणिक कादंबरीतील स्त्रीचित्रण' या विषयाच्या आसपास असतात. आणि त्यातल्या बहुतेकांत एक वाक्य ठरलेलं असतं: मूळ महाकाव्यात अमुक स्त्री मूक आहे, आधुनिक लेखकाने तिला आवाज दिला. हे वाक्य इतकं सवयीचं झालंय की ते तपासायचं असतं हेच कुणाच्या लक्षात येत नाही. आज मी ते एका उदाहरणावर तपासून दाखवणार आहे. उदाहरण तुमच्या ओळखीचंच आहे, वि. स. खांडेकरांची 'ययाति'. १९५९ची कादंबरी, १९६०चा साहित्य अकादमी पुरस्कार, आणि पुढे १९७४चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा खांडेकरांच्या नावाबरोबर सगळीकडे घेतलं गेलेलं तेच नाव. पात्र शर्मिष्ठेचं घेऊ.

शर्मिष्ठाच का? महाभारताच्या अवाढव्य पसाऱ्यात ती आदिपर्वातल्या जेमतेम आठ-दहा अध्यायांपुरती येते, त्यातही मधूनमधून. तिचा मुलगा पूरू राजा होतो, वंश पुढे चालतो आणि ती गोष्टीतून निघून जाते. म्हणजे पात्र दुय्यम. कादंबरीत मात्र ती तीन निवेदकांपैकी एक आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली गोष्ट प्रथमपुरुषी सांगतात. म्हणजे 'आवाज दिला' हे वाक्य जिथे सगळ्यात सहज लागू पडावं, अशीच ही जागा. म्हणूनच ती तपासायला चांगली.

आता पहिलं काम. कादंबरी बाजूला ठेवा आणि मूळ वाचा. 'मूळ' म्हणजे काय, हा प्रश्न इथेच येतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यातलं मूळ म्हणजे आजीने सांगितलेली गोष्ट, त्यात थोडं टीव्हीवरचं, थोडं खांडेकरांचंच मिसळलेलं असतं. असं मिसळलेलं मूळ घेऊन तुलना केली की कादंबरीची तुलना कादंबरीशीच होते. म्हणून भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती घ्या. आदिपर्वाचा खंड सुकथनकरांनी संपादित केलाय आणि तो १९३३चा आहे. संस्कृत जमत नसेल तर भाषांतर चालेल, फक्त ते कोणत्या पाठावरून केलंय ते लिहून ठेवा, कारण अध्यायांचे आकडे बदलतात. आपल्याला लागणारा भाग चिकित्सक आवृत्तीत साधारण ७३ ते ७८ या अध्यायांत आहे.

कथा थोडक्यात. असुरराजा वृषपर्वा, त्याची मुलगी शर्मिष्ठा. असुरांचा गुरू शुक्राचार्य, त्याची मुलगी देवयानी. मुली पाण्यात खेळत असताना इंद्र वारा होऊन काठावरची वस्त्रं एकमेकांत मिसळतो आणि शर्मिष्ठा नकळत देवयानीचं वस्त्र उचलते. देवयानी तिला 'शिष्या असून माझं वस्त्र घेतेस?' असं सुनावते. शर्मिष्ठाही गप्प बसत नाही. तुझा बाप माझ्या बापापुढे खाली बसून भाटासारखी स्तुती करतो, तू मागणाऱ्याची मुलगी आणि मी देणाऱ्याची, अशा अर्थाचं ती बोलते आणि देवयानीला विहिरीत ढकलून घरी निघून जाते. मेली असं समजून. ही शर्मिष्ठा लक्षात ठेवा.

पुढे ययाति देवयानीला बाहेर काढतो. देवयानी बापाला सांगते, शुक्र राज्य सोडून जायला निघतो, आणि त्याला थांबवायची देवयानीची अट एकच: शर्मिष्ठेने हजार दासींसह माझी दासी व्हावं, आणि माझं लग्न होईल तिथे माझ्यामागे यावं. निरोप आल्यावर शर्मिष्ठा कबूल होते आणि कारणही स्वतः सांगते. माझ्या चुकीपायी शुक्र आणि देवयानी निघून जाता कामा नयेत, माझ्या आप्तांचं संकट ज्या उपायाने टळेल तो मी करीन. म्हणजे हेतूचा पहिला स्पष्ट उल्लेख महाभारतच करतं. कुळासाठी पत्करलेलं दास्य. हा धागा खांडेकरांनीही उचललाय, त्याकडे येऊच.

खरी जागा त्यानंतरची आहे, ७७वा अध्याय. देवयानीचं ययातीशी लग्न झालंय, तिला मूल झालंय. शर्मिष्ठेला अशोकवनिकेजवळ वेगळं घर दिलंय. लग्नाच्या वेळीच शुक्राने ययातीला बजावलंय की शर्मिष्ठेला मान दे, पण शय्येवर बोलावू नकोस. काळ जातो. शर्मिष्ठा एकटी विचार करते: ऋतुकाळ आलाय आणि मला पती नाही. देवयानीला पुत्र झाला, माझं तारुण्य वाया चाललंय. तिने जसा पती निवडला तसा मीही त्यालाच निवडते. राजाने मला पुत्ररूपी फळ द्यावं. आणि योगायोगाने राजा तिकडे येतो.

इथून जो संवाद सुरू होतो तो मी माझ्या वहीत ओळीओळीने उतरवून काढला होता, तुम्हीही काढा. कारण तो प्रेमसंवाद नाही. जवळजवळ कोर्टातला युक्तिवाद आहे. शर्मिष्ठा हात जोडून पुढे येते आणि आधी आपलं कुळ, शील सांगून ऋतुदान मागते. राजा म्हणतो, तुझ्यात खोट काढण्यासारखं काही नाही, पण मी शुक्राला शब्द दिलाय. त्यावर ती असत्याला सूट असणारे पाच प्रसंग मोजून दाखवते: थट्टेत, स्त्रियांच्या बाबतीत, विवाहप्रसंगी, जिवावर बेतलं असताना, सर्वस्व जाण्याची वेळ आली असताना. राजा हे मान्य करत नाही. राजा हा लोकांसाठी प्रमाण असतो, तो खोटं बोलला तर नाश पावतो, असं त्याचं उत्तर. म्हणजे पहिला मुद्दा फेटाळला. मग ती दुसरा काढते. मैत्रिणीचा पती हा आपलाही पतीच, माझ्या मैत्रिणीने तुला वरलंय म्हणजे मीही वरलंय. राजा थोडा नरमतो. मागणाऱ्याला द्यायचं असं माझं व्रत आहे, तू मागतेयस, तर सांग काय करू. आणि तिसरा मुद्दा निर्णायक ठरतो. पत्नी, दास आणि पुत्र या तिघांची स्वतःची मालमत्ता नसते, ते जे मिळवतात ते त्यांच्या स्वामीचं. मी देवयानीची दासी, देवयानी तुझी. म्हणजे आम्ही दोघीही तुझ्याच.

थांबून हा मुद्दा नीट पाहा. ज्या नियमाने तिला दासी बनवलं, म्हणजे 'माणूस ही दुसऱ्याची मालमत्ता असू शकते', तोच नियम ती आपल्या मागणीचं हत्यार म्हणून वापरतेय. देवयानीने तिला दासी केलं नसतं तर हा युक्तिवाद उभाच राहिला नसता. राजाला ते पटतं.

आणि इथे ती थांबत नाही. मूल झाल्यावर देवयानी विचारते, हे काय केलंस? शर्मिष्ठा सांगते, एक धर्मज्ञ, वेद जाणणारा ऋषी आला होता, त्याच्याकडे मी धर्माला धरून मागितलं. नाव-गोत्र? तो सूर्यासारखा तेजस्वी होता, विचारायचं धैर्य झालं नाही! देवयानीला हे पटतं. पुढे तीन मुलगे होतात, द्रुह्यू, अनू आणि पूरू. एक दिवस देवयानी वनात मुलांना 'तुमचा बाप कोण' विचारते आणि मुलं सरळ राजाकडे बोट दाखवतात. देवयानी जाब विचारते तेव्हा शर्मिष्ठेचं उत्तर पुन्हा तसंच: मी ऋषी म्हणाले ते खरंच होतं (राजर्षी हाही ऋषीच). मी न्यायाने आणि धर्माने वागले, मला तुझी भीती वाटत नाही. तू त्याला वरलंस तेव्हाच मीही वरला होता. तू ब्राह्मणकन्या, मोठी, म्हणून मला पूज्य आहेस, पण हा राजर्षी त्याहून पूज्य.

आता सांगा, ही स्त्री मूक आहे?

ती बोलते, वाद घालते, शब्दांचा खेळ करून खोटं बोलते, पकडली गेल्यावर माफी मागत नाही. तिचा हेतूही झाकलेला नाही: मूल, आणि देवयानीच्या बरोबरीचा हक्क. जे नाही ते दुसरंच. ती ययातीवर प्रेम करते असं संपूर्ण संवादात कुठेही म्हणत नाही. दासी म्हणून जगताना तिला काय वाटलं हेही कुठे येत नाही. इतका काळ त्या घरात काय केलं, हजार दासी बरोबर होत्या त्यांचं काय झालं, काही नाही. म्हणजे महाभारतातल्या शर्मिष्ठेला वाचा आहे, अंतरंग नाही. 'आवाज' हा शब्द सिनॉप्सिसमध्ये वापरताना या दोन गोष्टींत गल्लत होते. वाचा आणि अंतरंग हे वेगळे मोजायचे.

महाभारताला तिचा हेतू असाच का हवा होता, हे एकदा पाहू, म्हणजे खांडेकरांनी काय बदललं ते कळेल. शर्मिष्ठेचा धाकटा मुलगा पूरू बापाचं म्हातारपण घेतो आणि राज्याला वारस ठरतो. कौरव-पांडव हे त्याच्याच वंशातले. पण पूरू दासीचा मुलगा, तोही सगळ्यांत धाकटा, आणि देवयानीचा थोरला यदू हयात असताना त्याला गादी मिळते. प्रजेतले लोक यावर हरकत घेतात, तेही महाभारतातच आहे. अशा वंशाच्या मुळाशी असलेला संबंध जर निव्वळ कामातून झाला असं सांगितलं, तर सगळ्या भारतवंशाच्या पायातच खोट निघते. म्हणून तिची मागणी ऋतुधर्माच्या भाषेत येते. ययातिही शुक्रासमोर हेच सांगतो: तिने ऋतुदान मागितलं, ते नाकारणाऱ्याला भ्रूणहत्येचा दोष लागतो, मी कामापोटी केलं नाही. शुक्र तरी शाप देतोच, ही गोष्ट वेगळी. माझा मुद्दा असा की तिचा हेतू वंशाच्या गरजेने घडलाय. तिच्या मनाचा शोध घ्यायला व्यास बसलेच नव्हते.

आता कादंबरी. पहिला बदल सगळ्यात साधा आणि म्हणूनच बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटणारा: खांडेकरांच्या शर्मिष्ठेला एकच मुलगा आहे, पूरू. तीनाचा एक झाला. हा काटकसरीचा बदल वाटतो, पण हेतूच्या दृष्टीने बघा. तीन मुलगे म्हणजे संबंध वर्षानुवर्षं, ठरवून, लपवून चालू राहिला. एक मुलगा म्हणजे प्रेमाचा एक लहानसा काळ आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य त्याची किंमत मोजण्यात. पात्रांच्या मुलांची संख्या, वयं, कोण किती काळ कुठे राहिलं, असल्या रुक्ष गोष्टींची नोंद आधी करत जा. लेखकाचा हेतू तिथे जास्त सापडतो. भावनिक परिच्छेदांत तो जे सांगतो ते तर त्याने तुम्हाला सांगायचं ठरवलेलंच असतं.

दुसरा बदल पुढाकाराचा. महाभारतात मागणी तिची आहे, तीन मुद्दे तिचे आहेत, राजा फक्त हरकती घेतो आणि हरतो. कादंबरीत हे नातं दोघांच्या ओढीतून वाढतं. देवयानीजवळ ययातीला जे मिळत नाही, म्हणजे ऊब, समजून घेणं, ते शर्मिष्ठेजवळ मिळतं, आणि शर्मिष्ठेला तो आवडलेला आहे. ती निवेदन करते तेव्हा स्वतःच्या हक्काबद्दल कमी आणि आपल्या मनाबद्दल जास्त बोलते. मालमत्तेचा तो विलक्षण युक्तिवाद या नव्या शर्मिष्ठेच्या तोंडी शोभणारच नाही, कारण प्रेम करणाऱ्या बाईने 'मी तुझी वस्तू आहे म्हणून मला दे' असं म्हटलं तर प्रेमाची कल्पनाच मोडते.

तिसरा बदल शेवटाचा. महाभारतातली शर्मिष्ठा पकडली गेल्यावर देवयानीसमोर उभी राहून उत्तर देते, आणि घर सोडून बापाकडे जाते ती देवयानी. कादंबरीत उलटं होतं. घर सोडावं लागतं शर्मिष्ठेला, तान्ह्या पूरूला घेऊन, देवयानीच्या रागापासून जीव वाचवायला. मग लांबलचक वनवास आणि एकटीने मुलाला वाढवणं. या भागात खांडेकरांची लेखणी खरोखर चांगली चालते. आईची भीती, आपल्या मुलाला त्याचं कुळ सांगता न येणं, हे महाभारतात कुठेच नव्हतं. ही कादंबरीची कमाई आहे आणि ती मोकळेपणाने मांडायला हवी. नाहीतर आपलं संशोधन 'मूळच श्रेष्ठ' असा हट्ट होऊन बसतं, त्याला काही अर्थ नाही.

हे तिन्ही बदल एकत्र ठेवले की एक दिशा दिसते. महाभारतात शर्मिष्ठेचे दोन हेतू आहेत. दासी होताना कुळासाठी त्याग, आणि अशोकवनात मूल व बरोबरीचा हक्क. खांडेकरांनी पहिला हेतू घेतला आणि तो तिच्या अख्ख्या आयुष्यावर पसरवला. कुळासाठी त्याग, मग प्रियकरासाठी, मग मुलासाठी. दुसरा हेतू, म्हणजे दावा करणारी, हिशेब मांडणारी, विहिरीत ढकलून निघून जाणारी बाई, मागे पडली. त्या जागी निरपेक्ष प्रेम आलं.

असं का केलं असेल? खांडेकरांना ययातीमधून आजचा भोगामागे धावणारा माणूस दाखवायचा होता, कादंबरीला जोडलेल्या त्यांच्या लेखनात त्यांनी ते सांगितलंय. भोगाचं चित्र काढायचं तर त्याच्यासमोर उलटं काहीतरी उभं करावं लागतं. म्हणून महाभारतात संजीवनी शिकून निघून गेलेला आणि या गोष्टीत परत न येणारा कच कादंबरीत परत येतो, विरक्त प्रेमाचं रूप घेऊन. आणि म्हणून शर्मिष्ठा निरपेक्ष प्रेम होते. ययाति वासना, देवयानी अहंकार, असा चौकोन पुरा होतो. म्हणजे इथेही हेतू ठरवला तो रचनेच्या गरजेनेच. व्यासांना वंश शुद्ध हवा होता, खांडेकरांना प्रतीक शुद्ध हवं होतं. दोन्हीकडे शर्मिष्ठेला काय हवं होतं हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर आहे.

ही मांडणी तुम्ही एखाद्या सेमिनारमध्ये केली तर दोन हरकती हमखास येतील, त्यांची तयारी ठेवा.

पहिली हरकत: हा बदल खांडेकरांचाच कशावरून? मधल्या काळात कुणी केला नसेल? ही हरकत वजनदार आहे. आपण नागपूरकर तर उन्हाळ्यात, पावसाळ्यात, पाहुणे आले की रामटेकला जाणारे लोक, कालिदास आपल्याला घरचाच. 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकात कण्व शकुंतलेला सासरी पाठवताना आशीर्वाद देतो की ययातीला शर्मिष्ठा जशी मानाची झाली तशी तू पतीला मानाची हो. देवयानीचं नाव तो घेत नाही, विवाहित पत्नी ती असूनही! म्हणजे कालिदासाच्या काळीच शर्मिष्ठा ही पतीची लाडकी, आदर्श पत्नी अशी ओळख तयार होती. याच आशीर्वादात पुढे पूरूसारखा सम्राट मुलगा होवो असंही आहे. म्हणजे तीन मुलगे गळून एकटा पूरू उरायला तिथेच सुरुवात झाली म्हणा ना. तर शर्मिष्ठेचं 'प्रेमिका' होणं हे पूर्णपणे १९५९चं नाही, त्याला जुनी वाट आहे. मग खांडेकरांचं स्वतःचं काय? माझ्या मते तीन गोष्टी: प्रथमपुरुषी निवेदन, दास्याचा अनुभव, आणि निर्वासित आई. 'खांडेकरांनी शर्मिष्ठेला प्रेमिका केलं' असं लिहू नका. 'आधीपासून असलेल्या प्रेमिकेला त्यांनी त्यागाची मूर्ती केलं' असं लिहिलंत तर ते टिकेल.

मराठीतलीही मधली पायरी विसरू नका. खाडिलकरांचं 'संगीत विद्याहरण' १९१३चं, त्यात कच-देवयानीची कथा आहे. म्हणजे खांडेकरांच्या वाचकाला देवयानी नाट्यगृहातून आधीच माहीत होती, शर्मिष्ठा तेवढी नव्हती. नव्या लेखकाला मोकळी जागा तिच्याकडे जास्त होती. आणि कादंबरीनंतर लगेच, १९६१मध्ये, गिरीश कर्नाडांचं कन्नड 'ययाति' आलं. तिथली शर्मिष्ठा बोचरी, जिभेने वार करणारी आहे, त्यागमूर्ती अजिबात नाही. दोनच वर्षांच्या अंतराने त्याच कथेतून इतकी वेगळी बाई निघू शकते, तर खांडेकरांची निवड ही निवडच होती, कथेची सक्ती नव्हती, हे सिद्ध करायला कर्नाड फार उपयोगी पडतात. तौलनिक अभ्यास म्हणजे दोन पुस्तकांत साम्य-भेदाचे दोन रकाने भरणं अशी आपल्याकडे पद्धत आहे. तिसरं पुस्तक आणलं की रकाने मोडतात आणि प्रश्न सुरू होतो.

दुसरी हरकत कठीण आहे. कुणीतरी, बहुधा मैत्रीणच, विचारेल: महाभारतातली शर्मिष्ठा हक्क मागते म्हणून तुम्ही तिला स्वतंत्र ठरवताय, पण ती मागतेय काय? पुत्र. आणि मागतेय कोणत्या भाषेत? स्वतःला मालमत्ता म्हणवून घेत. यात कसलं स्वातंत्र्य? आपण आजच्या 'एजन्सी'च्या चष्म्यातून पाहतोय.

याचं उत्तर मी असं देते. तिला स्वतंत्र म्हणू नका. ऋतुदानाची भाषा पुरुषांच्या शास्त्राची आहे, पुत्राची इच्छा ही त्याच शास्त्राने दिलेली आहे. पण त्या भाषेत ती कुशल आहे, हे पाठात दिसतं, आपण वरून लादलेलं नाही. आपला दावा इतकाच ठेवायचा: महाभारतात ती युक्तिवाद करणारी आहे, कादंबरीत भोगणारी आणि सोसणारी आहे. कोणती अधिक मुक्त, हा निकाल पाठावरून सिद्ध होत नाही. अशा ठिकाणी दावा लहान केला की तो बळकट होतो. मार्गदर्शक सुरुवातीला 'एवढंच?' म्हणतील, पण व्हायव्हाला हेच तुम्हाला वाचवतं.

काम करताना एक अडचण तुम्हाला येणार, ती प्रथमपुरुषी निवेदनाची. शर्मिष्ठा म्हणते 'मी प्रेमापोटी केलं', आणि आपण प्रबंधात लिहितो 'शर्मिष्ठेने प्रेमापोटी केलं'. घसरलोच. निवेदक पात्र स्वतःबद्दल सांगतं तो पुरावा असतो, निष्कर्ष नसतो. 'ययाति'त तर तपासायची सोय लेखकानेच करून ठेवलीय, कारण तोच काळ दुसऱ्या दोन तोंडांनीही येतो. मी जी पद्धत वापरते ती सांगते. एक प्रसंग निवडायचा, शर्मिष्ठेचं दास्य म्हणा. त्यावर शर्मिष्ठा काय म्हणते, देवयानी काय म्हणते, ययाति काय म्हणतो, हे पानांच्या आकड्यासह तीन वेगळ्या कागदांवर उतरवायचं. मग चौथ्या कागदावर तिन्हींना मान्य असलेल्या फक्त घटना लिहायच्या, कारणं नाहीत. उरलेल्या तीन कागदांवरची कारणं जिथे एकमेकांना खोडतात, तिथे तुमचं प्रकरण आहे. जिथे कुणीच कुणाला खोडत नाही, म्हणजे देवयानीचं निवेदनसुद्धा शर्मिष्ठेला नकळत त्यागमूर्तीच ठरवतं, तिथे समजा की पात्रांमागून लेखक बोलतोय. हे करायला एका प्रसंगाला माझे दोन दिवस जातात. आवृत्ती एकच वापरा, नाहीतर पानांचे आकडे जुळवताना तिसरा दिवसही जातो.

आणि विहिरीचा प्रसंग सोडू नका. बहुतेक जण अशोकवनावर धावतात, कारण तिथे प्रेम आहे. पण एखादं पात्र त्यागमूर्ती करायचं असेल तर लेखकाची खरी पंचाईत विहिरीपाशी होते: जी मैत्रिणीला मरायला टाकून घरी निघून गेली, तिचं काय करायचं? तिचा राग कमी करायचा, देवयानीचा वाढवायचा, की दोष वाऱ्यावर टाकायचा? महाभारताने तर वस्त्रांचा दोष इंद्रावर टाकला, पण ढकलण्याचा शर्मिष्ठेकडेच ठेवला. पुढच्या आठवड्यात ७३व्या अध्यायातले ते श्लोक आणि कादंबरीत हाच प्रसंग ज्या ज्या तोंडून येतो ती पानं समोरासमोर ठेवून वाचा. प्रत्येक ठिकाणी फक्त क्रियापदं अधोरेखित करा, कोण काय *करतं* ते, आणि ती कुणाच्या नावावर किती पडतात ते मोजा. आकडा आला की मला कळवा, आपण त्यावर बोलू.